प्रति: लायसेन्सीला ‘भाडेकरू’ म्हटले तर?

“लीव्ह अँड लायसन्स करार आईला समजावताना लायसेन्सीला भाडेकरू म्हटले तर काय बिघडते?”

हक्कच बदलतो. भाडेकरूचा जागेत हितसंबंध निर्माण होतो. लायसेन्सीला मात्र ठरलेल्या मुदतीपुरती वापराची परवानगीच असते. ठाण्यात घर देणाऱ्या ज्येष्ठांना मी मूळ संज्ञा तशीच ठेवून लगेच सांगतो, “लायसेन्सी म्हणजे तुमच्या परवानगीने राहणारा.”

मुदतीचे कलम मात्र रकमेसह सांगावे, कारण नुसते ‘दंड लागेल’ म्हटल्याने काहीच कळत नाही. लायसन्स फी दरमहा २०,००० रुपये असेल आणि मुदत संपूनही लायसेन्सीने जागा सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार त्याच्यावर दुप्पट दराने, म्हणजे दरमहा ४०,००० रुपये, नुकसानभरपाईची जबाबदारी येते. जागा रिकामी करून घेण्यासाठी अर्ज मात्र सक्षम प्राधिकाऱ्याकडेच करावा लागतो.