मदत हवी आहे: केशवसुतांच्या शिक्षणाच्या तारखा शाळेच्या प्रवेश नोंदवहीवरून कशा पडताळाव्यात?

वाचनखूण

नमस्कार. केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, यांच्या विद्यार्थिदशेवर मी एक टिपण लिहीत आहे. चरित्रांमध्ये साधारण असा क्रम सापडतो: खेडला प्राथमिक शिक्षण, मग बडोदे, वर्धा आणि नागपूर, १८८४ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये प्रवेश आणि १८८९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक. प्रत्येक लेखक ही माहिती आधीच्या लेखकाकडून घेतो, मूळ कागद पाहिल्याचे मात्र कोणी सांगत नाही. शाळेची जुनी नोंदवही पाहण्याची परवानगी मिळाली, तर तिच्यात नेमके काय शोधावे आणि जे सापडेल त्यावर कितपत विसंबावे? जन्मतारखेचा घोळही सुटला तर हवाच आहे, कारण कुठे १५ मार्च १८६६ लिहिलेले असते, तर कुठे ७ ऑक्टोबर १८६६.

कोकणकडा

जातपडताळणीसाठी नोंद हवी असेल तर मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करावा आणि 'जनरल रजिस्टरचा उतारा' असे स्पष्ट लिहावे. आम्ही पणजोबांचा उतारा असाच मिळवला. गावच्या शाळेची वही मोडीत असल्यामुळे मोडी वाचणारा माणूस शोधण्यातच दोन महिने गेले. दामले आपले कोण लागतात?

वाचनखूण

कोणी लागत नाहीत, मी केवळ त्यांचा वाचक आहे. दाखला नको, माहितीची खातरजमा हवी आहे. तरीही अर्जातील शब्दयोजना उपयोगी पडेल, आभारी आहे.

निळी शाई

यात अवघड काहीच नाही. शाळेच्या रजिस्टरमधील जन्मतारीख सरकारदरबारीही ग्राह्य धरतात. तेथे जी तारीख असेल ती लिहावी आणि वाद मिटवावा.

टाकदौत

मी एका जुन्या हायस्कुलात बरीच वर्षे कार्यालय सांभाळले आणि अशा वह्या पुष्कळ हाताळल्या, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

निळी शाई यांचे म्हणणे दाखल्यापुरते बरोबर आहे. कार्यालयाला कुठल्यातरी एका तारखेवर थांबावेच लागते, पण चरित्रकाराला त्या तारखेचा उगम विचारावा लागतो. मुलाला शाळेत घालणारा माणूस तोंडी सांगे आणि कारकून लिहून घेई. शिवाय त्या काळच्या नोंदींत पुष्कळदा जन्मतारीख नसते, नुसते वय असते. '१८' हा आकडा पूर्ण झालेली वर्षे सांगतो की चालू वर्ष, हे वहीवरून कळत नाही. मार्च आणि ऑक्टोबर यांतील निवाडा अशा नोंदीने होणार नाही. प्रवेशाचा दिवस नेमका माहीत असला तरी वयाच्या आकड्यावरून एखाद्या वर्षाचा पल्ला तेवढा मिळतो.

आता वहीत काय पाहावे ते सांगते. पहिली अडचण नावाची असेल. केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले, पुढे व्याकरणकार म्हणून प्रसिद्ध झालेले, यांचेही वडील अर्थातच केशव. इंग्रजी आद्याक्षरे लिहिलेल्या यादीत के. के. आणि एम. के. यांची गफलत सहज होते, आणि रत्नागिरीकडचे दामले पुण्यात तेव्हाही कमी नव्हते. म्हणून एकच ओळ उतरवून घेऊ नका. वरच्या-खालच्या चार-पाच ओळीही उतरवा, कारण भाऊ एकाच दिवशी दाखल झाले असतील तर त्यांचे क्रमांक लागून येतात. जन्मगाव किंवा पालकाचा व्यवसाय यांचा रकाना असला तर मालगुंड किंवा शिक्षक असा शब्द सापडतो का ते पाहा. ओळख पटवायला आडनावापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

दुसरा रकाना 'आधीची शाळा'. तुमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा हाच. पुण्याच्या वहीत नागपूरच्या शाळेचे नाव असेल, तर चरित्रातील बडोदे-वर्धा-नागपूर या साखळीची निदान शेवटची कडी पक्की होईल. मग त्या शाळेला विचारता येईल. बडोद्याचे कागद मात्र संस्थानच्या दप्तरात शोधावे लागतील, मुंबई इलाख्याच्या दप्तरात ते मिळायचे नाहीत.

तिसरी गोष्ट इयत्तेची, आणि चांगले अभ्यासकही येथे फसतात. 'पाचवी' असे लिहिलेले असले तर ती आजची पाचवी नव्हे, इंग्रजी पाचवी. मराठी इयत्ता आधी होत आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. तेव्हा अठरा वर्षांचा मुलगा 'चौथीत' दिसला तर तो मागे पडलेला होता हे खरे, पण आजच्या कानांना वाटते तितका नव्हे. शिवाय नागपूरकडच्या शाळा त्या वेळी कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे पाहून शिकवत, तर पुण्याच्या शाळा मुंबई विद्यापीठाकडे. तिकडून आलेल्या मुलाला येथे खालच्या वर्गात बसवले जाणे शक्य होते.

वाचनखूण

फार मोलाची माहिती. १८८४ ते १८८९ या पाच वर्षांचे काय करावे? नोंद एकच असेल ना?

टाकदौत

तसे गृहीत धरू नका. फी थकली किंवा मुलगा बरेच दिवस गैरहजर राहिला, तर नाव कमी होई आणि परत आल्यावर नव्या क्रमांकाने पुन्हा दाखल होई. पहिली ओळ सापडल्याबरोबर वही मिटली, तर १८८६ किंवा १८८७ मधील दुसरी ओळ नजरेतून सुटेल. 'शाळा सोडल्याची तारीख' आणि 'कारण' हे रकाने याच कामाचे आहेत. सोडल्याची तारीख १८८६ असेल आणि मॅट्रिक १८८९ मध्ये, तर मधल्या काळातील दुसरी ओळ शोधलीच पाहिजे. उलट पुनर्प्रवेश सापडला, तरी तो नापास झाल्याचा पुरावा समजू नये.

मॅट्रिकचे वर्ष शाळेच्या वहीवरून ठरवू नका, ती विद्यापीठाची परीक्षा होती. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक तेव्हा नोव्हेंबरच्या सुमारास होई. मोहनदास गांधी नोव्हेंबर १८८७ मध्ये अहमदाबाद केंद्रावर बसले होते. त्यामुळे परीक्षा एका वर्षी, तर शाळा सोडल्याची नोंद पुढच्या वर्षी, असे दिसणे स्वाभाविक आहे. वहीत १८९० दिसले म्हणून १८८९ चुकीचे ठरत नाही.

कोकणकडा

माझा गैरसमज झाला होता, क्षमस्व. पण आमच्या पणजोबांचेही तसेच निघाले. एका शाळेत १८९१ मध्ये वय ११ आणि दुसऱ्या शाळेत १८९४ मध्ये वय १२. आम्ही दुसरे वय खरे धरले, कारण दाखल्यासाठी तेच सोयीचे होते! आता शंका येते.

टाकदौत

सोयीचे म्हणून धरले हे निदान आपण मोकळेपणाने सांगितले. असे दोन आकडे आले तर दोन्ही लिहावेत, आधीच्या नोंदीला किंचित झुकते माप द्यावे आणि तेही कारण सांगून.

निळी शाई

मग जन्मतारखेचा प्रश्न अनिर्णितच राहणार का? पंचांगावरून काही निघत नाही का? मी दोन्ही तारखांच्या तिथी काढून पाहिल्या. १५ मार्च १८६६ ला शके १७८७ ची फाल्गुन वद्य चतुर्दशी येते आणि ७ ऑक्टोबरला शके १७८८ ची भाद्रपद वद्य चतुर्दशी.

वाचनखूण

तिथी दोन्हीकडे तीच, फक्त महिना वेगळा! मूळ टिपणात नुसते 'वद्य १४' स्पष्ट असेल आणि महिन्याचे नाव वाचताना फाल्गुनाचा भाद्रपद झाला असेल, किंवा भाद्रपदाचा फाल्गुन, असे होऊ शकते का?

टाकदौत

शक्यता चांगली आहे आणि मला ती सुचली नव्हती. निळी शाई यांचे आभार. पण फाल्गुन शके १७८७ मध्ये पडतो आणि भाद्रपद १७८८ मध्ये, तेव्हा मूळ टिपणात शकाचा आकडा असला तर अशी चूक टिकायला नको होती. शाळेच्या वहीत याचे उत्तर मिळणार नाही, त्यासाठी घरची जन्मपत्रिका किंवा तिची जुनी नक्कलच पाहावी लागेल.

वाचनखूण

अर्ज उद्या देतो. १८८३ ते १८९० अशी आठ वर्षांची पाने मागतो आणि 'दामले' आडनावाच्या सर्व ओळी, आजूबाजूच्या नोंदींसह, उतरवून घेण्याची परवानगी मागतो. छायाचित्र काढू दिले नाही तर हाताने लिहावे लागेल, म्हणून रकान्यांचा कोरा तक्ता आधीच आखून नेतो. काय सापडते किंवा सापडत नाही, ते येथेच लिहीन.