मदत हवी आहे: १२ टक्के महाग की १२.५?

नमस्कार. नौपाड्यात आमचं फराळाचं दुकान आहे. दिवाळीच्या मालासाठी ५ लाखांचं कर्ज घ्यायचंय, परतफेड एकरकमी. दोन पतसंस्थांचे कागद समोर आहेत. पहिलीचा दर १२ टक्के, व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवणार. दुसरीचा १२.५, व्याज वर्षातून एकदाच.

मी आधी पहिलीच धरली होती. मग भाचीने वहीच्या मागच्या पानावर १.०१ चा बारावा घात काढून दाखवला: १.१२६८. म्हणजे खरा वार्षिक दर १२.६८ टक्के. वर्षाने पहिलीला ५,६३,४१३ रुपये द्यायचे, दुसरीला ५,६२,५००. कमी दराचं कर्जच ९१३ रुपयांनी महाग!

तिने दोन्ही दर सतत चक्रवाढीतही आणले, `ln(1 + r)` वापरून, r म्हणजे खरा वार्षिक दर. पहिली ११.९४, दुसरी ११.७८. एकाच मापात आले की तुलना सोपी होते, हे पटलं.

अडलंय ते पुढे. विक्री चांगली झाली तर सहा महिन्यांतच पैसे फेडायचेत. तेव्हा पहिलीला ५,३०,७६० होतात. दुसरीने अर्ध्या वर्षाचं सरळव्याज ६.२५ टक्के लावलं तर ५,३१,२५०, म्हणजे तीच महाग! चक्रवाढीच्या हिशोबाने मात्र ५,३०,३३०. करारात याबद्दल एक ओळही नाही.

वर्ष पुरं होण्याआधी फेडलं तर संस्था सहसा कसं धरतात? सहीआधी नेमकं काय लिहून घ्यावं? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, सोमवारी सही करायची आहे.