रिकाम्या मेलला उत्तर काय द्यायचं?

कुरिअरग्रस्त
आम्ही दिवाळी अंकांची वर्गणी घेऊन अंक घरपोच पाठवतो. दिवाळीच्या आधी मेलचा ढीग पडतो आणि त्यात काही मेल अगदी कोऱ्या असतात. विषयात Re: आणि आमचंच वाक्य, आत अक्षर नाही. पाठवणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे वाचक. "आपला संदेश रिकामा आहे, कृपया पुन्हा पाठवा" लिहिलं की मशीन बोलल्यासारखं वाटतं. "तुम्ही रिकामी मेल पाठवलीत" म्हटलं की खडसावल्यासारखं. आमच्यातला एकजण नुसतं "?" पाठवायचा, त्याला फोनवर चांगलीच बोलणी बसली. तुम्ही काय लिहिता?

निवांत_नाना
काहीच लिहू नका. ज्याला गरज आहे तो पुन्हा लिहील. शिवाय कोऱ्या मेल स्पॅमवालेही पाठवतात, पत्ता चालू आहे का ते बघायला. उत्तर दिलंत की सापडलात.

तळटीप
नाना, अनोळखी पत्त्यावरून आलेल्या कोऱ्या मेलबद्दल बरोबर. पण इथे विषयात Re: आहे आणि पाठवणारा वर्गणीदार आहे. तो स्पॅमवाला नाही, तो तुमच्या मेलला उत्तर देतोय.

कुरिअरग्रस्त, आधी एक सांगा. तुमच्या मेलच्या डोक्यावर बारीक करड्या अक्षरात अशी ओळ असते का?

```
##- Please type your reply above this line -##
```

असेल तर निम्मं कोडं तिथेच सुटलं. तक्रारी हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरला नवा मजकूर आणि जुनी मेल वेगळी करायची असते, म्हणून या ओळीखालचं सगळं ते कापून टाकतं. ज्यांना आयुष्यभर पत्रं लिहायची सवय आहे ते आधी तुमचं वाचतात आणि त्याच्या खाली उत्तर लिहितात. माणसाने दहा ओळी लिहिलेल्या असतात आणि तुमच्या स्क्रीनवर कोरा कागद येतो. त्याला "रिकामी पाठवलीत" म्हणणं म्हणजे आपणच पान फाडून वर त्याला विचारण्यासारखं आहे.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी मूळ मेल उघडा. जीमेलमध्ये वरच्या तीन टिंबांत Show original आहे, तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही मूळ मेल पाहायची सोय असते. तिथे text/plain आणि text/html असे दोन भाग दिसतील. मराठी मजकूर असेल तर तो बहुधा base64 च्या अगम्य अक्षरांत दिसतो, घाबरू नका, ते उलगडून देणारी साधनं आहेत. उलगडल्यावर तुमच्या जुन्या मेलपलीकडे एखादी ओळ दिसली तर त्यात काहीतरी लिहिलेलं आहे. आणि वरच्या मथळ्यांत `Auto-Submitted: auto-replied` दिसलं तर ते त्यांच्या मेलचं आपोआप गेलेलं उत्तर आहे. त्याला उत्तर देऊ नका, नाहीतर दोन मशीनं रात्रभर एकमेकांशी गप्पा मारतील.

घाटावरची
हे सगळं ठीक, पण एवढं कोण बघत बसणार? वाक्य सांगा ना.

तळटीप
मूळ मेलसुद्धा खरोखर कोरी निघाली तर मी असं लिहीन:

"नमस्कार. आपली मेल आज सकाळी मिळाली, पण आमच्याकडे त्यात मजकूर दिसत नाहीये. गेल्या आठवड्यात आम्ही अंक पाठवल्याचं कळवलं होतं, त्याबद्दल काही असेल तर 'अंक आला नाही' एवढंच लिहिलंत तरी पुरे. लिहिणं अडचणीचं असेल तर फोन नंबर कळवा, मी दुपारी फोन करते."

खाली माणसाचं नाव. "ग्राहक सेवा विभाग" नको. यात मेल मिळाली हे पहिल्या दमात सांगितलंय, कारण पाठवणाऱ्याला सगळ्यात मोठी धास्ती पोचली की नाही याचीच असते. आणि त्याला नव्याने सगळं लिहायला लावलेलं नाही.

सडेतोड
मला हे गुळगुळीत वाटतं. मेल खरंच कोरी असेल तर "आमच्याकडे दिसत नाहीये" हे नाटक कशाला? म्हाताऱ्या माणसालाही कळतं. सरळ लिहावं, "मेल कोरी आली आहे." बस.

तळटीप
"कोरी आली" चालेलच की. "कोरी पाठवलीत" नको. वाटेत काय झालं ते तुम्हालाही ठाऊक नसतं, मग जेवढं दिसतंय तेवढंच सांगायचं. यात नाटक कुठे आलं?

लॅबवाली_मिरज
तळटीप यांच्या मसुद्यातल्या अंदाजाला माझा ठाम विरोध. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बसते. आमच्याकडे एकाच मेलवर अख्खं घर असतं, कधी मुलाची मेल, कधी शेजाऱ्याची. कोऱ्या मेलला "तुमच्या अमुक तपासणीबद्दल आहे का" असं उत्तर गेलं तर ज्याला कळायला नको त्याला कळतं. आम्ही तपासणीचं नाव लिहीतच नाही. "आपली मेल मिळाली, मजकूर आलेला नाही, लॅबच्या नंबरवर फोन करा, पावती जवळ ठेवा." रुक्ष वाटलं तर वाटू दे.

कुरिअरग्रस्त
आमच्याकडे गुपित काही नाही, दिवाळी अंकच तर आहे.

लॅबवाली_मिरज
मुलांनी आईला भेट म्हणून वर्गणी भरलेली असते, तेव्हा?

घाटावरची
मला तर क्लासच्या व्हॉट्सॲपवर नुसता एक ठिपका येतो पालकांचा. त्याचं काय करायचं?

निवांत_नाना
तो तुमचं नेट चालू आहे का बघायला टाकतात. आमचा नातू टाकतो.

कुरिअरग्रस्त
आज तळटीप यांनी सांगितलं तसं केलं. नाशिकच्या एका वाचकांची कोरी मेल होती. मूळ मेल काढली तर खाली आमचेच प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेजारी लाल अक्षरात त्यांचं उत्तर. "पत्ता बदलला आहे का?" समोर "होय, सध्या लेकीकडे असतो" आणि पूर्ण पत्ता, फक्त पिनकोड नाही. "अंक मिळाला का?" समोर "जुन्या घरी गेला असणार." ही मेल आठवडाभर 'रिकामी' असा शिक्का मारून पडली होती.

आता मी त्यांना कोऱ्या मेलचा विषयच काढला नाही. लिहिलं, "नवा पत्ता मिळाला, दुसरा अंक उद्या पाठवतो, तेवढा पिनकोड कळवा." तासाभरात उत्तर आलं. पुन्हा खालीच लिहिलेलं.

सडेतोड
म्हणजे आठवडा का लागला ते सांगितलंच नाहीत. हे मला पटत नाही. त्यांना वाटलं असेल तुम्ही दुर्लक्ष केलंत. एक ओळ लिहायची होती, "आपलं उत्तर आमच्या सॉफ्टवेअरने झाकून टाकलं होतं."

तळटीप
इथे सडेतोड बरोबर आहेत. उशीर झाला असेल तर कारण द्यावं. मात्र "पुढच्या वेळी वर लिहा" असं शिकवू नका. ती करडी ओळ काढता येते का किंवा कापाकापी बंद होते का ते सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. बंद केल्यावर प्रत्येक मेलखाली जुन्या मेलची शेपटी दिसत राहील, ती सहन करावी लागेल.

कुरिअरग्रस्त
विचारलं. म्हणतात बंद होते, पण सगळ्यांसाठी एकदमच. आमच्या इतर दोघांना ती शेपटी नको आहे.

लॅबवाली_मिरज
आणि भेटवर्गणीचं?

कुरिअरग्रस्त
त्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. मी म्हणतो, पैसे भरणाऱ्याची मेल वेगळी असेल तर अंकाचा उल्लेख टाळायचा. दुसरा म्हणतो, मग विचारायचं तरी काय?