मदत हवी आहे: ‘उरलेल्याच्या’ अपूर्णांकाची पट्टी पोरांना कशी समजवावी?

नमस्कार मंडळी. यवतमाळकडच्या एका गावात सहावीला गणित शिकवतो. उदाहरण असं: कापूस विकून आलेल्या पैशांपैकी 2/5 कृषी केंद्राच्या उधारीत गेले, उरलेल्याचे 1/4 वेचणीच्या मजुरीत. हाती 18,000 रुपये राहिले. एकूण किती आले होते?

पोरं सरळ 2/5 आणि 1/4 ची बेरीज करतात. म्हणजे तो 1/4 पूर्ण रकमेचाच धरतात. भागाकार बरोबर जात नाही, तरी उत्तर रेटतात!

पट्टीचे 5 भाग करून 2 रंगवले की 3 उरतात, अन् 3 चे 4 कसे करायचे इथंच गाडी अडते. म्हणून मी त्या 3 भागांच्या बरोबर खाली, तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी काढून तिचे 4 भाग करतो. त्यातले 3 म्हणजे 18,000, एक 6,000, पूर्ण खालची पट्टी 24,000. वरचा एक भाग 8,000, एकूण 40,000.

पण वहीत पोरं खालची पट्टी वरच्याएवढीच लांब काढतात, अन् सगळं बिघडतं. त्यापेक्षा एकाच पट्टीचे आधीच 20 भाग करायला लावावेत का? तुम्ही वर्गात काय करता?