मदत हवी आहे: मुलीच्या दाढेसाठी लाफिंग गॅस सुचवलाय, पण नाक चोंदलंय

परभणीकरीण:
माझी लेक ६ वर्षांची आहे. खालची दुधाची दाढ किडून नसेपर्यंत गेली आहे. इथं दोनदा नेलं, पण सुई दिसली की तोंड घट्ट मिटते. संभाजीनगरच्या दंतवैद्यांनी नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साईड देऊन दाढेचं काम करू म्हणून सांगितलंय, शनिवारची वेळ आहे. कालपासून तिला सर्दी झालीय, नाक पूर्ण बंद. एवढ्या लांब जायचं, तर जावं की पुढं ढकलावं? आणि काम झाल्यावर त्याच दिवशी रेल्वेनं परत येता येईल का? लेकरू गुंगीत राहतं का?

बीडचा_बंडू:
ताई, गॅस म्हणजे पूर्ण भूलच की. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, पाणीसुद्धा नको. एक बरं, गॅस दिला की हिरडीत इंजेक्शन टोचावं लागत नाही. सर्दीचं मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

दातांची_डॉक्टर (लातूर):
बंडूभाऊ, सर्दीचं तुम्ही बरोबर सांगितलंत, बाकीचं नाही. यात मूल जागं असतं, बोललेलं ऐकतं, "आ कर" म्हटलं की करतं. भीती उतरते आणि दुखणं थोडं बोथट होतं, पण नसेपर्यंत गेलेल्या दाढेला हिरडीतलं इंजेक्शन द्यावंच लागतं. फक्त ते लेकरू सहन करतं. नुसत्या नायट्रससाठी रात्रभर उपास लागत नाही. मी दोन तास आधी हलकं खायला सांगते, पोट गच्च भरलेलं नको एवढंच. काहीजण याहून कडक नियम पाळतात, तेव्हा ताई, तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

आता नाकाचं. हा गॅस फक्त नाकातून जातो, कारण तोंडात आमचं काम चाललेलं असतं. नाक चोंदलं की मूल तोंडानं श्वास घेतं आणि गॅस पोहोचतच नाही. मशीनला एक रबरी पिशवी असते, ती प्रत्येक श्वासाला फुगते-आकसते. ती हललीच नाही की समजायचं, मूल नाकानं श्वास घेत नाहीये किंवा मास्क नीट बसलेला नाही. अशा वेळी घाईत प्रमाण वाढवलं आणि मग नाक मोकळं झालं, तर एकदम जास्त जातं. मूल घामेजतं, मळमळतं, उलटी करतं. म्हणून शनिवार पुढं ढकला.

नाक मोकळं असेल तर आधी नुसता ऑक्सिजन. मग नायट्रस १० टक्के, मिनिटभर थांबून आणखी १०. बहुतेक मुलं ३० ते ४० च्या आसपास स्थिरावतात. मुठी सैल पडतात, खांदे उतरतात, डोळे जड होतात. विचारलं तर "बोटांना मुंग्या आल्या" म्हणतात. तेव्हा इंजेक्शन द्यायचं, नंतर प्रमाण थोडं कमी करायचं. हाक मारली आणि उत्तर आलं नाही, किंवा तोंड आपोआप मिटायला लागलं, तर ते जास्त झालं.

जालनेकर_काका:
माझ्या अक्कलदाढेच्या वेळी बी-१२ कमी आहे म्हणून डॉक्टरांनी हा गॅस नाकारला. मग लेकरांना कसा चालतो? आमच्या घरात सगळे शाकाहारी.

दातांची_डॉक्टर (लातूर):
काका, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. नायट्रस बी-१२ निकामी करतो, आणि आधीच कमी असेल तर नसांना त्रास होऊ शकतो. धडधाकट मुलाला एकदा अर्धा तास दिल्यानं सहसा काही होत नाही. नुसतं शाकाहारी असणं म्हणजे कमतरता नव्हे, पण मूल फिकट, थकलेलं वाटत असेल तर तपासून घ्यावं. नुकतंच कानाचं ऑपरेशन झालं असेल तरीही आम्ही थांबतो.

परभणीकरीण:
खूप आभार डॉक्टर. रेल्वेचं राहिलं.

दातांची_डॉक्टर (लातूर):
शेवटी किमान पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात. गॅस रक्तात फारसा विरघळत नाही, आला तसा श्वासावाटे निघून जातो, म्हणून बहुतेक मुलं थोड्याच वेळात नीट चालायला लागतात. तिला ताठ चालायला लावा, मगच दवाखान्यातून निघा. त्याच दिवशी परत यायला हरकत नाही. खरा त्रास ओठाचा असतो. इंजेक्शननं तो दोन-तीन तास बधिर राहतो आणि मुलं तो चावून सुजवतात. तोवर फक्त पाणी किंवा दूध द्या आणि गाडीत तिच्या तोंडाकडं लक्ष ठेवा. सुईच्या भीतीनं ती मास्कच लावू देणार नसेल, तर मात्र गॅसचा उपयोग होणार नाही. घरी नाकावर वाटी धरून श्वास घ्यायचा खेळ करून बघा.

परभणीकरीण:
शनिवारचं पुढं ढकललं. पण ती सर्दी नसतानाही झोपेत तोंड उघडं ठेवून घोरते. हे आधी कानानाकाच्या डॉक्टरांना दाखवावं का?

बीडचा_बंडू:
आमचं पोरगंही घोरतं, एवढं काय त्यात.

दातांची_डॉक्टर (लातूर):
ताई, दाखवा. नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतील तर सर्दी गेली तरी हीच अडचण येणार. मग गॅस की पूर्ण भूल, हे तपासल्याशिवाय मी इथून सांगू शकत नाही. मधल्या काळात दाढ ठणकली, गाल सुजला किंवा ताप आला, तर वेळेची वाट बघू नका.