मदत हवी आहे : एकाच कागदाची उजळणी-पुस्तिका, पाने क्रमाने येत नाहीत

देवगडची_शिक्षिका
दहावी विज्ञानाच्या पहिल्या पाच धड्यांचे सारांश एका कागदावर छापून खिशात मावणारी आठ पानी पुस्तिका करायची आहे. घडी घातल्यावर मुखपृष्ठाच्या जागी पान ८ येते आणि त्यामागची चार पाने उलटी दिसतात. प्रती उद्याच काढायच्या आहेत, तरी नेमकी मांडणी सांगावी.

मालवण_किनारा
छपाई एका बाजूला की दोन्ही बाजूंना? मध्ये चीर दिली आहे का?

खाडीपट्टा
एवढा खटाटोप कशाला? प्रिंट करताना Booklet निवडा, पाने आपोआप लागतात.

छपाईवाला_रत्नागिरी
पाने लागतात हे खरे, पण ती सोय दोन्ही बाजूंच्या छपाईसाठी आहे आणि आठ पानांना दोन कागद लागतात. बाईंना एकच कागद हवा आहे.

देवगडची_शिक्षिका
ए-४ कागद, एकाच बाजूला छपाई. चीर दिली आहे. पाने वरच्या ओळीत १ ते ४ आणि खालच्या ओळीत ५ ते ८ अशी सरळ मांडली आहेत.

छपाईवाला_रत्नागिरी
अडचण तिथेच आहे. कागद आडवा धरून खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १ ही पाने सुलट ठेवा आणि वरच्या ओळीत ५, ४, ३, २ ही पाने उलटी ठेवा. आडव्या मधल्या घडीवर फक्त मधल्या दोन रकान्यांपुरती, म्हणजे सुमारे १४.८ सेंटिमीटर चीर द्या. मग छपाई बाहेर ठेवून त्याच घडीवर कागद दुमडा आणि दोन्ही टोके एकमेकांकडे ढकला, म्हणजे चीर उघडून चार पाती तयार होतील. १ च्या पाठीला २ आणि ७ च्या पाठीला ८ आले, तर मांडणी बरोबर आहे. मजकूर उलटा करणे जमत नसेल, तर आधी खालची ओळ छापा, कागद अर्धा फिरवून पुन्हा घाला आणि त्याच जागी २, ३, ४, ५ सुलट छापा. प्रिंट Actual size ठेवा आणि घडी छापील रेषेवर न घालता कागदाच्या कडा जुळवून घाला.

मालवण_किनारा
मी अशी पुस्तिका पावसाळ्यात इंकजेटवर छापली होती. दमट हवेत शाई पसरली आणि घडीवरची अक्षरे वाचेनात. घडीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा.

देवगडची_शिक्षिका
२ ते ७ ही सहा पाने धड्यांना आहेत. ‘विद्युतधारेचे परिणाम’ला दोन पाने हवीत, ती क्रमाने ५ आणि ६ वर येतात.

छपाईवाला_रत्नागिरी
५ आणि ६ एकाच पातीच्या दोन बाजू आहेत, त्यामुळे आकृती एका नजरेत दिसणार नाही. समोरासमोर येणाऱ्या जोड्या २-३, ४-५ आणि ६-७ एवढ्याच आहेत. ‘उष्णता’ पान ५ वर आणा, म्हणजे विद्युतधारेला ६-७ मिळतील.

देवगडची_शिक्षिका
पाठ्यपुस्तकाचा क्रम मोडला तर मुले गोंधळतील, म्हणून ते मला पटत नाही.

खाडीपट्टा
मग ‘रासायनिक अभिक्रिया’ला ४-५ द्या आणि विद्युतधारा एका पानात आटपा. क्रम तसाच राहील.