बजेटच्या आदल्या दिवशी स्ट्रॅडल: बाजार कुठेही जावो, फायदा होतो का?

चौकस: निफ्टी 23,500 वर आणि एक्स्पायरीला पाच दिवस असताना 23,500 चा कॉल 210 ला, पुट 190 ला मिळाला असं धरा. बजेटला बाजार हलणारच, मग दोन्ही घेऊन, म्हणजे स्ट्रॅडल करून, ठेवण्यात धोका काय?

वायदेकर: बाजार हलणार हे विकणाऱ्यालाही माहीत असतं, त्यामुळे ती हालचाल 400 च्या प्रीमियममध्ये आधीच धरलेली असते. या भावांत आयव्ही, म्हणजे प्रीमियममध्ये धरलेल्या चढउताराचा अंदाज, साधारण 18 टक्के आहे. भाषण संपलं की ती 13 वर येऊ शकते. समजा, दुसऱ्या दिवशी निफ्टी 23,700 वर आहे. 200 अंकांची चाल मिळाली, तरी आयव्ही 13 असेल तर त्या जोडीचा भाव 305 च्या आसपास निघतो. म्हणजे 65 च्या लॉटवर सुमारे सहा हजारांचा तोटा. बाजार जागचा हललाच नाही तर 255. 1 फेब्रुवारी 2025 च्या बजेटला निफ्टी जवळपास होता तिथेच बंद झाला होता.

रेवा: म्हणूनच स्ट्रँगल बरा. 23,800 चा कॉल 90 आणि 23,200 चा पुट 80, एकूण 170. अडकणारे पैसे निम्म्याहून कमी.

वायदेकर: एका लॉटपुरतं ते खरं आहे. पण त्याच 200 अंकांच्या चालीनंतर हा स्ट्रँगल 92 च्या आसपास येतो. स्ट्रॅडलचे पावभर गेले, इथे जवळपास निम्मे. स्वस्त पडला म्हणून लोक दोन-तीन लॉट घेतात, मग रुपयांतला तोटाही स्ट्रॅडलपेक्षा मोठा होतो. शिवाय एक्स्पायरीपर्यंत धरलात तर 23,030 च्या खाली किंवा 23,970 च्या वर जावं लागतं. स्ट्रॅडलला 23,100 आणि 23,900 पुरतात.

ठाम: आणि 4 जून 2024? लोकसभेच्या निकालाला निफ्टी एका दिवसात सुमारे सहा टक्के पडला. आयव्ही चढलेली असतानाही घेणाऱ्यांनी कमावलंच की. तुमच्या हिशेबाने चाललं तर असा दिवस कायमच हुकेल.

वायदेकर: तो दिवस खरा आहे, मी नाकारत नाही. पण आदल्याच सत्रात बाजार तीन टक्क्यांहून जास्त चढला होता आणि निकाल त्या अपेक्षेच्या उलट आला. प्रीमियममध्ये धरलेल्या चालीपेक्षा मोठा धक्का बसला, म्हणून कमाई झाली. प्रत्येक बजेटला तसं होत नाही.

शेअरवाला: माझा प्रश्न कंपनीच्या तिमाही निकालाचा आहे. तिथेही असंच?

रेवा: आयव्हीचं तसंच. पण शेअरच्या ऑप्शनमध्ये एक्स्पायरीला डिलिव्हरी होते. पुट फायद्यात संपला आणि हातात शेअर नसतील तर ते द्यायची जबाबदारी तुमच्यावर येते. आधीच विकून मोकळे व्हा.

चौकस: मग आठवडाभर आधी, आयव्ही चढायच्या आत घेऊन भाषणाआधीच विकलं तर?

वायदेकर: त्यासाठी थोडी लांबची एक्स्पायरी घ्या. तिच्यावर वेळ सरल्याने होणारी रोजची घसरण कमी असते, आयव्ही वाढण्याचा फायदा जास्त. मात्र घटनेआधीच्या आठवड्यात आयव्ही किती चढेल हे कोणी सांगू शकत नाही.

ठाम: भाषणाआधीच विकायचं असेल तर मोठ्या चालीवर पैसे लावले कुठे? मला पटत नाही.